आमचं मिटलं, सरकारचं मिटेना

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

परवा उच्च न्यायालयात आमची तारीख पुन्हा पुढे गेली. मागच्या खेपेला सरकारी वकील कोर्टाला म्हणाले होते, जखमेचा दाखला पुढच्या तारखेला हजर करतो. परवा म्हणाले, ठाण्यातून कागदच आले नाहीत.

साहेब, मी आरोपी नाही, फिर्यादी आहे. बांधाच्या भांडणात चुलतभावाने माझ्या डाव्या दंडावर काठी मारली. दाखल्यात 'साधी दुखापत' आहे. फिर्याद लिहिणाऱ्या हवालदारांनी 'जिवे ठार मारण्याच्या उद्देशाने' हे शब्द स्वतःच्या पदरचे घातले आणि खुनाच्या प्रयत्नाचं कलम ३०७ लावलं. पुढे मोजणी झाली, हद्दीचे दगड बसले, भांडण मिटलं. पण ३०७ आपसात मिटवता येणाऱ्या कलमांच्या यादीत नाही, म्हणून खालचं कोर्ट हात लावत नाही. राहिला तो गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार, पूर्वीचं कलम ४८२, आता नव्या संहितेचं ५२८. तिथे मी शपथपत्र दिलं. दबाव आहे का, असं न्यायमूर्तींनी मला उभं करून विचारलं. नाही म्हणालो.

तरी तुमचे वकील म्हणतात, ३०७ हा समाजाविरुद्धचा गुन्हा, तडजोडीला किंमत नाही. अर्धाच कायदा वाचलाय! सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लक्ष्मी नारायण प्रकरणात हा गुन्हा गंभीर ठरवला, खरं आहे. पण नुसत्या कलमाच्या नावावर थांबू नका, असंही त्याच निकालात आहे. वार नाजूक जागी आहे का, हत्यार कोणतं, ३०७ सिद्ध होईल एवढा पुरावा आहे का, हे बघायचं, आणि तेही तपास पुरा होऊन दोषारोपपत्र आल्यावर. आमचं दोषारोपपत्र कधीच दाखल झालंय. दंड नाजूक जागा कधीपासून झाला?

सगळंच मिटू द्या असं मी म्हणत नाही. खून, बलात्कार, दरोडा यांत घरच्यांनी सह्या केल्या तरी खटला रद्द होऊ नये, हे २०१२ च्या ग्यान सिंग निकालापासून ठरलेलं आहे आणि ते योग्यच आहे. राजस्थानात शिक्षकावर विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा होता. वडिलांनी तडजोड केली, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा उभा केला. छान झालं. डोक्यात कोयता घातलेला आरोपी पैसे मोजून फिर्यादीकडून शपथपत्र लिहून घेतो, तिथे अडवा ना! तिथे आमच्या तालुक्यात कुणाचा आवाज निघत नाही.

देशात पाच कोटींवर खटले तुंबलेत म्हणतात. त्यातला एक माझा, जो मलाच नको आहे. पोलीस गृहखात्याचे, वकील तुमचे, आणि भाडं-फी माझी. गरिबाला न्याय दारी म्हणे! दारी फक्त समन्स येतं.

निदान पुढच्या तारखेला तुमच्या वकिलांना तो एक पानाचा दाखला हातात घेऊन उभं राहायला सांगा. विरोध करायचाय तर तो वाचून करा.

आपला,
एक फिर्यादी