पेनल्टी बॉक्समधला प्रत्येक फाऊल म्हणजे पेनल्टी नव्हे

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरात आंतरशालेय फुटबॉल मॅचची बातमी आली होती, त्यात शेवटी लिहिलंय की गोलकीपरनं बॉक्समध्ये नियम मोडला तरी "पंचांनी हक्काची पेनल्टी नाकारली". मी त्या मॅचला बाउंड्रीलाच उभा होतो. पेनल्टी नाकारली वगैरे काही नाही, रेफरीचा निर्णय शंभर टक्के बरोबर होता. पण बातमी वाचून हरलेल्या शाळेचे पालक अजून त्या रेफरीला नावं ठेवून राहिले म्हणून हे पत्र लिहितोय, जागा असेल तर पूर्ण छापा.

झालं असं. स्ट्रायकर अंगावर धावून आला म्हणून डिफेंडरनं घाबरून बॉल पायानंच मागे स्वतःच्या कीपरकडे ढकलला आणि कीपरनं तो सरळ हातात उचलला, गोलपासून चारेक मीटरवर. यालाच आपण बॅकपास म्हणतो. शिट्टी वाजली, आणि रेफरीनं एक हात डोक्याच्या वर सरळ उभा केला. तो वर गेलेला हात म्हणजे इनडायरेक्ट फ्री किक, जिच्यावरून थेट गोल होत नाही ती, आणि बाहेर सगळे "पेनल्टी पेनल्टी" ओरडून राहिले होते, काही जण तर रेड कार्ड मागत होते.

आता पेनल्टी का नाही ते बघा. पेनल्टी हा काही वेगळा फाऊल नाहीच, ज्या फाऊलला डायरेक्ट फ्री किक मिळते तोच फाऊल डिफेंडिंग टीमनं स्वतःच्या बॉक्समध्ये केला की त्याची पेनल्टी होते. म्हणजे समोरच्याला पाडणं, ढकलणं, लाथ मारणं, धरून ठेवणं, थुंकणं, आणि हँडबॉल. मुद्दा असा की कीपरला स्वतःच्या बॉक्समध्ये हात लावायची परवानगी आहे, त्यामुळे त्याचा हँडबॉल तिथे होतच नाही. बॅकपास उचलला तर चूक आहे पण ती टाइमपास रोखायच्या नियमातली चूक आहे, म्हणून शिक्षा इनडायरेक्ट, आणि बॅकपास उचलल्याबद्दल कीपरला कार्डही नाही. हा नियम 1992 मध्ये आला. तो लागू व्हायच्या आधी त्याच वर्षीच्या युरो कपमध्ये डेन्मार्कवाले बॉल मागे देत राहायचे आणि त्यांचा कीपर श्मायकेल तो आरामात उचलायचा, जुन्या लोकांना आठवत असेल. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, टीममेटनं पायानं आणि मुद्दाम दिलेला बॉलच यात धरतात. डोक्यानं, छातीनं, गुडघ्यानं दिला तर कीपर बिनधास्त उचलू शकतो, आणि पायाला लागून चुकून मागे गेला तरीही काही नाही. टीममेटचा थ्रो-इन थेट हातात घेतला तर तो मात्र बॅकपाससारखाच.

मग किक कुठून घ्यायची यावर मैदानात मोठा गोंधळ झाला. कीपरनं बॉल उचलला तो छोट्या डब्याच्या आत, ज्याला गोल एरिया म्हणतात. अटॅकिंग टीमची इनडायरेक्ट किक त्याच्या आतून घेता येत नाही, बॉल गोललाइनला समांतर असलेल्या लाइनीवर, जवळच्या पॉइंटवर आणून ठेवतात, म्हणजे गोलपासून साडेपाच मीटर. एरवी डिफेंडरनं 9.15 मीटर लांब उभं राहायचं असतं, पण इथे तेवढी जागाच नाही, म्हणून त्यांना दोन पोलच्या मध्ये स्वतःच्या गोललाइनवर उभं राहायची मुभा आहे. रेफरीनं तेच करायला लावलं, कीपरसकट सगळी टीम लाइनीवर भिंतीसारखी उभी. ते पाहून पालकांना वाटलं की रेफरी त्यांना फेवर करतोय.

आणि खरी चूक झाली ती नंतर. ज्या पोट्ट्यानं किक घेतली त्यानं जोशात बॉल सरळ गोलमध्ये हाणला, कोणाला न लागता जाळ्यात गेला, सगळे नाचायला लागले आणि रेफरीनं गोल किक दिली. इनडायरेक्टमध्ये गोल मोजायचा तर किक मारणाऱ्याशिवाय आणखी कोणाचा तरी टच लागतो. आपल्या टीममेटचाच पाहिजे असं नाही हं, त्या लाइनीवरच्या एखाद्या डिफेंडरच्या गुडघ्याला किंवा कीपरच्या बोटाला जरी घासून गेला असता तरी गोल धरला असता. म्हणून अशा वेळी कीपरनं काय करायचं तर थेट येणाऱ्या बॉलला हातच लावायचा नाही, पण समोर एवढी गर्दी असताना बॉल कोणाला लागला की नाही हे त्याला दिसणार कसं, सगळे हात लावतातच. आणि मारणाऱ्यानं काय करायचं तर बॉल बाजूच्याला हलकेच सरकवायचा आणि त्यानं मारायचा. बुटाचा तळवा नुसता बॉलवर टेकवून चालत नाही, बॉल स्पष्ट हलला पाहिजे, तो हलला की लाइनीवरचे सगळे एकदम अंगावर धावतात, म्हणून दुसऱ्यानं तयारच राहायचं.

दुसरा वाद असतो तो वर उचललेल्या पायाचा. बॉक्समध्ये बॉल छातीच्या उंचीवर आहे, अटॅकर हेड मारायला येतोय आणि डिफेंडरनं बूट त्याच्या तोंडापर्यंत नेला, पण लागला नाही, अटॅकर घाबरून मागे सरकला. हा डेंजरस प्ले, इनडायरेक्ट. तोच बूट तोंडाला लागला की डायरेक्ट, म्हणजे बॉक्समध्ये पेनल्टी. रस्ता अडवण्याचंही तसंच, अंगाला अंग न लावता वाट अडवली तर इनडायरेक्ट, अंगानं अडवलं तर डायरेक्ट. पण याचा अर्थ टच नाही म्हणजे कधीच डायरेक्ट नाही असा कोणी घेऊ नये, कारण माणसालाच लाथ मारायला गेला आणि ती हुकली तरी तो डायरेक्टच आहे. तिथे पाय बॉलसाठी गेला की माणसासाठी हे रेफरीला एका क्षणात ठरवावं लागतं आणि यावर भांडण होणारच, ते मला मान्य आहे. रेफरीला किंवा समोरच्याला शिवी दिली तर कार्ड निघतं, पण किक इनडायरेक्टच, बॉक्समध्ये दिली तरी पेनल्टी नाही. ऑफसाइडची किकही इनडायरेक्ट.

कीपरनं बॉल हातात धरून ठेवला तर सहा सेकंदांनंतर इनडायरेक्ट, हे लोक अजून म्हणतात, कामठीच्या मैदानावरही परवा ऐकलं. ते 2025-26 च्या सीझनपासून बदललंय. आता आठ सेकंद, आणि त्याच्या वर गेलं तर समोरच्या टीमला कॉर्नर.

आपल्याकडच्या रेफरींनाही एक विनंती आहे. हात वर करून लगेच खाली घेऊ नका, दुसऱ्या कोणाचा टच होईपर्यंत किंवा बॉल बाहेर जाईपर्यंत तो वरच राहू द्या. इनडायरेक्टचा हात दाखवायचा राहिला आणि बॉल थेट गोलमध्ये गेला तर ती किक परत घ्यावी लागते, आणि मग दोन्ही टीमा तुमच्या अंगावर येतात. त्या मॅचच्या रेफरीचा हात शेवटपर्यंत वर होता, मी पाहिलंय, त्यामुळे तो गोल किकचा निर्णयही बरोबर होता. आपण बातमीतलं ते "पेनल्टी नाकारली" वाक्य दुरुस्त करून छापावं, एवढीच मागणी.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक,
धंतोली, नागपूर