सूचना : वाडीतली लाईट-फोनची बिलं

मंडळी, पुढच्या महिन्यापासून कॅश गोळा करून बिलं भरायला तालुक्याला कोणी जाणार नाही, आपापल्या ॲपवरून भरा. कुठलंही ॲप चालेल, मागे भारत कनेक्ट हे एकच नेटवर्क आहे (आधीचं बीबीपीएस). मुंबईकरांनी बंद घराचं बिल तिथूनच भरावं.

- महावितरण निवडा, बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक आणि ४ आकडी बीयू म्हणजे बिलिंग युनिट टाका. मग नाव आणि रक्कम येते, ते नाव वाचा, आपल्याकडे निम्मी मीटरं अजून आजोबांच्याच नावावर आहेत त्यामुळे आजोबांचं दिसलं तर घाबरू नका, पण शेजारच्यांचं आलं तर थांबा, आकडा चुकलाय.
- पैसे कटले नि पेंडिंग दाखवतंय तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. एकतर बिल भरलं जातं नाहीतर पैसे परत येतात. पावतीवरचा बी-कनेक्ट आयडी जपा, त्यावरून ॲपमध्येच तक्रार करता येते.
- फोनचंही तसंच. पाणीपट्टी मात्र ग्रामपंचायतीतच, आपली ॲपमध्ये दिसत नाही.

ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी संध्याकाळी ५ वाजता जुनं बिल घेऊन समाजमंदिरात या, पोरं दाखवतील. पिन कोणालाच सांगू नका, पोरांनाही नाही.