रसग्रहण कवितेचे व्हावे, मुद्द्यांचे नव्हे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शाळा सुरू झाल्या की अप्पा बळवंत चौकातील दुकानांत पाठ्यपुस्तकांच्या जोडीला तयार उत्तरांची पुस्तके खपू लागतात. त्यांतील मराठी कवितांची रसग्रहणे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांच्या वह्यांत उतरवलेली वाचत आले आहे. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे दहावी-बारावीच्या कृतिपत्रिकेतले नेहमीचे मुद्दे, आणि कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण हा स्वतःच्या प्रतिसादाचा भाग, ही मांडणी मला चांगलीच वाटते, कारण ती मुलाला कवितेकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहायला लावते. मात्र प्रत्यक्ष उत्तरांत दिसते ते असे: ‘कवीने साध्या-सोप्या भाषेत सुंदर शब्दचित्र रेखाटले आहे. कवितेत यमक व चेतनगुणोक्ती अलंकार आहे. कवितेला लय असून ती मनाला भिडते.’ हा मजकूर कोणत्याही निसर्गकवितेखाली चिकटवता येतो. त्यात खोटे काही नसते, पण समोरच्या कवितेतलेही काही नसते.

मुलांना नेमके काय करायला सांगायचे, हे बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवरून दाखवता येईल. मराठी वाचकांना ती पाठ असते, तरीही सोयीसाठी देते:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुन अडवी तिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे.
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.

उत्तरात आशय सर्वांत आधी लिहायचा असतो, म्हणून मुले विचारही तिथूनच सुरू करतात आणि ‘या कवितेत निसर्गाचे सुंदर वर्णन आले आहे’ या वाक्यावर अडकतात. माझ्या वर्गात मी क्रम उलटा ठेवत असे. आधी फक्त क्रियापदांखाली रेघा मारायला सांगायची. झरा ‘वाहतो’, शेतमळ्यांची गर्दी ‘लागली’, पायवाट ‘अडवी तिडवी पडे’ आणि पुढे ‘चालली’, काळिमा ‘पसरी’, आणि सर्वांत शेवटी औदुंबर ‘बसला’. एवढे वहीत उतरले की मुलांना आपोआप दिसते की या चित्रात पाणी हलते आहे, वाटही चालते आहे, आणि स्थिर बसलेले असे एकच कोणी आहे. मग आशयाचे वाक्य कवितेतूनच निघते: हालचालीच्या मधोमध निवांत बसलेल्या एका झाडापर्यंत कवी आपली नजर नेतो. हे वाक्य दुसऱ्या कवितेखाली चिकटणार नाही.

प्रतिमांच्या बाबतीत रंग पाहावेत. हिरवा रंग तीनदा येतो, हिरवाळीत, शेतमळ्यांत आणि कुरणांत; त्यातून निळासावळा झरा आणि पांढरी पायवाट जाते. ही वाट काळ्या डोहाकडे निघते आणि तिथून पुढे काळिमाच उरतो. हिरव्याकडून काळ्याकडे होणारा हा प्रवास ज्या मुलाच्या ध्यानात आला, त्याने ‘सुंदर शब्दचित्र’ हे शब्द वापरले नाहीत तरी त्याचे काव्यसौंदर्य लिहून झाले. अलंकाराचे तसेच. ‘येथे चेतनगुणोक्ती आहे’ एवढ्याने फक्त नाव कळते. पाण्यात पाय सोडून बसणे ही दमलेल्या किंवा रमलेल्या माणसाची सवय झाडाला दिल्यामुळे पाण्यात उतरलेली मुळे एकदम पाय होतात, हे लिहिले म्हणजे अलंकाराने काय केले ते कळते. एक अलंकार असा उलगडून लिहिणे हे तीन अलंकारांची नावे नोंदवण्यापेक्षा केव्हाही मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषिक वैशिष्ट्यांत बहुतेक उत्तरे ‘यमक साधले आहे’ इथे संपतात. या कवितेत यमकाकडे जरा थांबून पाहायला हवे. तिसऱ्या ते सहाव्या ओळींचे शेवट वाचा: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. चारही ओळी जवळजवळ एकाच ध्वनीवर संपतात, आणि त्यांतील तीन शब्द सरळ दिशा दाखवणारे आहेत. नजर कुठेतरी जात राहते आणि डोहापाशी पोहोचताच यमक बदलते: लाटांवर, औदुंबर. जिथे वाट संपते तिथेच ध्वनीही बदलतो. शिवाय ज्याचे नाव शीर्षकात आहे तो औदुंबर कवितेतला अगदी शेवटचा शब्द म्हणून येतो. हे पाहण्यासाठी छंदशास्त्राचे ज्ञान लागत नाही. कविता दोनदा मोठ्याने म्हणावी लागते, आणि वर्गात नेमके तेवढेच होत नाही. परीक्षेत मोठ्याने वाचता येत नाही हे खरे, पण ज्याने वर्षभर म्हणून पाहिले आहे त्याला ओळींचे शेवट मनातल्या मनात ऐकू येतात.

राहिला स्वतःचा प्रतिसाद. इथे मुले दोन टोकांना जातात. काही जण ‘मला ही कविता खूप आवडली’ एवढे लिहून थांबतात, तर काही कवितेबाहेरची माहिती ओततात. औदुंबर म्हटला की दत्तगुरू आठवणे आपल्याकडे स्वाभाविक आहे, आणि अशी आठवण प्रतिसादात जरूर यावी. परंतु दत्तस्थानांची माहिती चार ओळी लिहिली आणि कवितेतल्या एकाही शब्दाशी ती जोडली नाही, तर तो परिच्छेद निबंधातला होतो. पाण्याकाठी एकटाच बसलेला हा औदुंबर आपल्याला ध्यानस्थ साधकासारखा वाटला, असे ‘बसला’ या शब्दाच्या आधाराने लिहिले तर तीच आठवण रसग्रहणात बसते. ‘गोड काळिमा’ या जोडीबद्दलही असेच. कुणाला त्यात उदासी जाणवते, कुणाला दाट सावलीचे सुख. दोन्ही उत्तरे मान्य व्हावीत, फक्त लिहिणाऱ्याने ‘गोड’ आणि ‘काळिमा’ यांपैकी कोणत्या शब्दावर आपण जोर दिला ते सांगायला हवे.

येथे उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना एक विनंती करायची आहे. न आवडण्याचे कारण लिहायची मुभा असते, पण ती वापरायला मुले धजत नाहीत, कारण गुण कापले जातील अशी भीती त्यांच्या मनात बसलेली असते. माझ्या एका विद्यार्थिनीने लिहिले होते की तिला ही कविता पूर्णपणे आवडली नाही, कारण चार घरांच्या गावात माणूस एकही दिसत नाही, गर्दी आहे तीसुद्धा शेतमळ्यांची, आणि वाट आपली एकटीच चालत जाते. या उत्तरात स्तुतीचा एकही शब्द नव्हता, पण कवितेतल्या तीन जागा तिने बोट ठेवून दाखवल्या होत्या. मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. परीक्षेतही अशा उत्तराला ते मिळावेत आणि ‘मनाला भिडते’ एवढ्यावर थांबणाऱ्या उत्तराला मिळू नयेत, असे मला कळकळीने वाटते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका,
सदाशिव पेठ, पुणे