मैत्रिणीची आई गेली, तिला काय लिहायचं

चिऊ,

तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते. तिची आई माझ्याच वयाची होती गं, वाचल्यावर आधी तुझाच चेहरा समोर आला. खोलीत एकटीच आहेस ना आत्ता? असो, विचारलंयस ते आधी सांगते.

तू स्पॅनिशमध्ये लिहिलंयस 'के दिओस ले दा पास'. त्यात 'दा' नको, 'दे' हवं. 'दा' म्हणजे देव शांती देतो, आपल्याला म्हणायचंय देवो. पण ती देवाचं काही मानत नाही असं तूच म्हणाली होतीस, मग तिच्या मेसेजमध्ये देव आणूच नकोस. 'के एन पास देस्कान्से', शांतपणे विसावो, एवढं मेक्सिकोत सगळेच म्हणतात, ते चालेल. 'मी मास सेन्तीदो पेसामे' ऑफिसातल्या माणसाला ठीक, मैत्रिणीला जरा कोरडं वाटतं, पण शब्द सुंदर आहे, पेसामे म्हणजे मूळचं 'मला जड जातंय'. तिला साधं लिही, 'सिएन्तो मुचो लो दे तु मामा, ते आकोम्पान्यो एन तु दोलोर', आईचं कळलं, फार वाईट वाटलं, तुझ्या दुःखात मी सोबत आहे. आणि खाली काकूंची एखादी आठवण, तुला ताप आला तेव्हा सूप पाठवलं होतं ती.

तिच्या आजीला मात्र देवाचंच बरं वाटेल. 'दिओस ला तेंगा एन सु सांता ग्लोरिया', देव तिला स्वर्गात आपल्याजवळ ठेवो. बाई गेली म्हणून 'ला', वडील असते तर 'लो'. आजीशी 'तु' नाही, 'उस्तेद', म्हणजे आपलं 'तुम्ही'.

'आता ती चांगल्या जागी आहे', 'देवाची मर्जी' असलं काही लिहू नकोस, तिकडेही लोक म्हणतात हे. आपली आजी गेली तेव्हा 'सुटल्या बिचाऱ्या' ऐकून तू ताट तसंच टाकून गच्चीवर गेलीस, आठवतंय? मी मागे आले नाही. यायला हवं होतं. तू रात्री एकटी रडत असशील असं अजून मनात येतं, आत्ताही.

परत शिकवत बसले, सॉरी. वीस वर्षं हेच केलंय ना. पण परक्या भाषेत तू तिचं मन जपायला बघतेस, बाबांना वाचून दाखवलं, ते काही बोललेच नाहीत, चष्मा पुसत बसले.

दफनानंतर बहुतेक नऊ संध्याकाळी त्यांच्याकडे जपमाळ होईल, नोव्हेनारियो म्हणतात. एका दिवशी तरी जा. प्रार्थना येत नाही म्हणून अडत नाही, मागे बस, सगळे उठले की उठ. जाताना गोड पाव घेऊन जा, तिकडे कॉफीबरोबर देतात. तेवढंच तुझ्याही आजूबाजूला माणसं असतील.

माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, ते डोक्यात घेऊ नकोस. तिथून परत आलीस की फोन कर, इथे कितीही वाजले असले तरी.

आई