रिटर्नच्या पाकिटाला कात्री लावण्याआधी

कोल्हापूर
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

ऑनलाइन विकलेल्या इरकलीच्या जागी रिटर्नमध्ये कुणाची तरी विटकी साडी परत आली आणि वर साइटने भरपाईचा क्लेमही फेटाळला, हे सांगताना तुझा आवाज अगदी पडला होता. तू पाठवलेले तीन फोटो मी नीट पाहिले. फाटलेलं पाकीट एका फोटोत आहे, साडी दुसऱ्यात. ती साडी त्याच पाकिटातून निघाली, हे तपासणाऱ्याला कुठेच दिसत नाही. क्लेम तिथेच अडकला.

दिवाळीनंतर माझाही एक कोल्हापुरी जोड असाच परत आला. पाकीट हातात घेतलं तेव्हाच हलकं लागलं. पाठवताना ते ७८० ग्रॅम भरलं होतं, याचा फोटो माझ्याकडे होता. मग न उघडता काट्यावर ठेवलं, तर २४० ग्रॅम. तिथूनच व्हिडिओ सुरू केला आणि शेवटपर्यंत थांबवला नाही. आधी लेबलवरचा AWB, म्हणजे कुरिअरचा पार्सल नंबर, वाचता येईल इतक्या जवळून, मग सहाही बाजू, टेप, काट्यावरचा आकडा, आणि त्यानंतर कात्री. आत रबरी स्लिपर निघाली.

तरी पहिला क्लेम नाकारलाच, कारण मी घाईत 'खराब माल' हे कारण निवडलं होतं. माल खराब नव्हता, बदललेला होता. रिटर्न रिपोर्टमध्ये AWB शोधला, तर ग्राहकाने 'साइज लहान' म्हणून परत केल्याची नोंद होती. तो रिटर्न आयडी, दोन्ही वजनांचे फोटो आणि स्लिपरशेजारी त्याच डिझाइनचा नवा जोड ठेवून काढलेला फोटो जोडून 'चुकीची वस्तू' या कारणाखाली मुदतीत पुन्हा दावा केला, तेव्हा मंजूर झाला. १,४५० च्या मालाचे १,१८० हातात आले. पेमेंट रिपोर्टमध्ये ते जमा झालेले दिसेपर्यंत मी केस बंद केली नाही, तूही करू नकोस.

रिपोर्टमधला रिटर्नचा प्रकारही बघत जा. ग्राहकाने पार्सल घेतलंच नाही आणि कुरिअरने परत आणलं, तर 'वापरलेला माल' हे कारण टिकत नाही. तिथे वाटेत झालेलं नुकसान किंवा रिकामं पाकीट असं मांडावं लागतं. वापरलेल्या मालाचं मात्र सगळ्यात अवघड. चपलेच्या तळाला घासल्याच्या खुणा स्पष्ट असतील तर दावा उभा राहतो, पण दोन पावलं चालून परत केलेला जोड मला एकदाही सिद्ध करता आलेला नाही. साडीवर डाग असेल, फॉल लावलेला असेल, तर तेवढाच भाग उजेडात जवळून घे.

तुझ्या आत्ताच्या केसमध्ये व्हिडिओ नाही, म्हणून बाजू कमकुवत आहे. तरी पाठवतानाचं वजन कुरिअरच्या नोंदीत सापडलं तर ते जोडून एकदा अपील कर. परवाचे दोन रिटर्न आले की उघडू नकोस. टेपवर टेप दिसली तर डिलिव्हरीवाल्या पोराकडून पोचपावतीवर 'पाकीट फाटलेलं' असं लिहून घे आणि मला फोन कर, मी दुकानातच आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिग्या