भरपाईचे भवितव्य अटकेच्या पहिल्या दोन दिवसांत ठरते

संपादक महोदय,

कोठडीतील मृत्यूबद्दल न्यायालयाने भरपाई दिल्याची बातमी आली की रकमेचा आकडा ठळक छापला जातो. ती रक्कम कशाच्या बळावर मिळाली, हे मात्र कळत नाही. वकिलीत असल्याने त्याबद्दल लिहावेसे वाटले.

नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यात सरकार 'ही सार्वभौम अधिकारातली कृती' असे म्हणून हात झटकू शकते. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ किंवा २२६ खाली थेट सर्वोच्च किंवा उच्च न्यायालयात याचिका, म्हणजे रिट, केल्यास हा बचाव चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निलाबती बेहेरा प्रकरणात स्पष्ट केले. ओरिसातल्या निलाबती या आईच्या २२ वर्षांच्या मुलाला १ डिसेंबर १९८७ रोजी पोलिसांनी चोरीच्या तपासासाठी घरातून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर सापडला. पोलीस म्हणाले, तो दोरी चावून पळाला आणि गाडीखाली आला. आईने न्यायालयाला पत्र लिहिले आणि तेच याचिका मानले गेले. जिल्हा न्यायाधीशांच्या चौकशीत डॉक्टरांची साक्ष झाली, जखमा लाठीच्या मारानेही होऊ शकतात, असे निघाले. प्रयोगशाळेच्या अहवालात दोरीची तुटलेली टोके एकमेकांशी जुळली नाहीत. आईला दीड लाख रुपये मिळाले.

ही आई जिंकली, कारण तिच्या बाजूने कागद बोलत होते. रिटमध्ये एरवी साक्षीदार तपासत बसत नाहीत. सुबे सिंग प्रकरणात २००६ मध्ये न्यायालयाने सांगितले की हक्कभंग उघड आणि निर्विवाद असावा. वैद्यकीय अहवाल, व्रण किंवा दुसरा आधार नसेल, केवळ तक्रारदाराचे म्हणणे असेल, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. मग उरतो तो दिवाणी दावा.

म्हणून अटकेनंतरचे पहिले दोन दिवस फार मोलाचे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे नेले जाते. मारहाण झाली का, हे त्यांनी विचारायचे आणि वैद्यकीय तपासणीचा हक्क सांगायचा, हा दंडक १९८३ च्या शीला बरसे प्रकरणापासून, म्हणजे महाराष्ट्रातल्याच प्रकरणातून आला. पण शेजारी तेच पोलीस उभे असताना घाबरलेला माणूस 'काही तक्रार नाही' म्हणतो, आणि तेच नोंदले जाते. पुढे रिटमध्ये सरकारी वकील पहिल्यांदा तेच पान उघडतात. अशा वेळी नातेवाईकांनी किंवा वकिलाने तिथेच तपासणीचा लेखी अर्ज द्यावा आणि अहवालाची प्रत मागावी. ती मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी व्हायला हवी, अटकेच्या वेळच्या जखमांची नोंदही आरोपीच्या सहीने व्हायला हवी आणि तिची प्रत त्याला मिळायला हवी. ही नोंदच नसेल, तर तेही याचिकेत लिहावे.

आपल्या बातमीदारांना विनंती आहे की भरपाईच्या बातमीत अटक केव्हा झाली, पहिली तपासणी केव्हा झाली आणि त्या अहवालात काय होते, हेही द्यावे.

आपला,
एक वकील वाचक