दहा टक्क्यांचे कर्ज आणि अठरा टक्क्यांचे वेळापत्रक: रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
माननीय गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो आहे. गेल्या महिन्यात माझा पुतण्या दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. एक होते शोरूममधल्या विक्रेत्याचे व्हिजिटिंग कार्ड, ज्याच्या मागे निळ्या पेनाने हिशेब केलेला होता, आणि दुसरे होते त्याच्या मोटारसायकलच्या कर्जाचे परतफेडीचे वेळापत्रक. "काका, तीन वर्षांचं कर्ज होतं, दीड वर्ष बरोबर भरलं. निम्मं फिटलं ना? मग उरलेले छत्तीस हजार भरून मोकळा होतो म्हटलं, तर कंपनी बेचाळीस हजार सातशे मागते," एवढे बोलून तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला वाटत होते की कंपनीने कुठेतरी आकडा चुकवला आहे. मीही तोच संशय मनात धरून कागद वाचायला घेतला. आकडा चुकलेला नव्हता, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

कार्डामागचा हिशेब असा होता. कर्ज ७२,००० रुपये, व्याज 'फक्त १० टक्के फ्लॅट', मुदत ३६ महिने. वर्षाचे व्याज ७,२००, तीन वर्षांचे २१,६००. मुद्दल आणि व्याज मिळून ९३,६००, त्याला ३६ने भागले की हप्ता २,६०० रुपये. यात कुठेही बेरीज-वजाबाकीची चूक नाही. चौथीतल्या मुलालाही कळावा इतका हा हिशेब सरळ आहे आणि त्याची खरी ताकद तीच आहे. ऐकणाऱ्याच्या मनात त्यावरून एक चित्र आपोआप तयार होते, की दर महिन्याला २,००० रुपये मुद्दलात जातात, ६०० रुपये व्याजात जातात, आणि अठरा हप्त्यांनंतर ३६,००० रुपये उरतात.

वेळापत्रकात मात्र वेगळेच लिहिले होते. पहिल्या ओळीत हप्ता २,६००, त्यातले व्याज १,०७५, मुद्दल १,५२५ आणि शिल्लक ७०,४७५. अठराव्या ओळीत व्याज ६३८, मुद्दल १,९६२ आणि शिल्लक ४०,७७४. शेवटच्या ओळीत व्याज जेमतेम ३८ रुपये. म्हणजे अठरा हप्त्यांत पुतण्याने भरलेल्या ४६,८०० रुपयांपैकी १५,५७४ रुपये व्याजात गेले आणि कर्ज फिटले ते ३१,२२६ रुपयांचे. ४०,७७४ रुपयांच्या शिलकीवर ४ टक्के मुदतपूर्व परतफेड शुल्क आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी मिळून १,९२५ रुपये चढले आणि मागणी ४२,६९९ रुपयांवर गेली. उरलेले अठरा हप्ते निमूटपणे भरले असते तर ४६,८०० रुपये गेले असते. आधी फेडून वाचणारे व्याज ६,०२६ रुपये होते, त्यातला जवळजवळ एक तृतीयांश भाग शुल्कानेच खाल्ला.

कार्डावरचा दर आणि वेळापत्रकातला दर एकच नाही, हे ओळखायला कर्जदाराला कोणाकडे जायची गरज नसते. वेळापत्रकातल्या एका ओळीचे व्याज घ्यावे, त्याला १२ने गुणावे आणि त्या ओळीआधीच्या शिलकीने भागावे. पहिल्या ओळीसाठी १,०७५ गुणिले १२ म्हणजे १२,९०० आणि ते ७२,००० पैकी १७.९२ टक्के. पहिल्या ओळीत कधीकधी महिन्यापेक्षा कमी-जास्त दिवसांचे व्याज असते, कारण कर्ज वीस तारखेला सुटते आणि हप्त्याची तारीख पाच असते. अशा वेळी दुसरी ओळ घ्यावी. इथे दुसऱ्या ओळीत व्याज १,०५२ आणि आधीची शिल्लक ७०,४७५ आहे, म्हणजे उत्तर जवळजवळ तेच येते. ज्याच्याकडे वेळापत्रक नाही पण हप्ता ठाऊक आहे, त्याला मोबाइलमधल्या कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये एक ओळ लिहून दर काढता येतो:

```
=RATE(36,-2600,72000)*12
```

उत्तर ०.१७९२ येते. दहा टक्क्यांचे अठरा टक्के होतात ते कोणत्याही लबाडीने नव्हे, तर भाजक बदलल्यामुळे. फ्लॅट दर तिन्ही वर्षे पूर्ण ७२,००० रुपयांवर मोजला जातो, जणू पुतण्याने त्यातला एक रुपयाही परत केलेला नाही. प्रत्यक्षात तो दर महिन्याला मुद्दल परत करत असतो आणि तीन वर्षांची सरासरी काढली तर त्याच्याकडे कंपनीचे सुमारे ४०,२०० रुपयेच असतात. वर्षाला ७,२०० रुपये भाडे ४०,२०० रुपयांच्या वापरासाठी द्यायचे असेल तर ते अठरा टक्केच होते. एक ते तीन वर्षांच्या मुदतीत फ्लॅट दराला साधारण १.८ने गुणले की घटत्या शिलकीवरचा दर हाती येतो. हा अंदाज आहे, नेमका आकडा वरच्या सूत्रानेच काढावा; मुदत पुष्कळ लांबली की हा गुणक खाली येतो.

महोदय, एवढ्यावर कोणी म्हणेल की नाव काहीही द्या, हप्ता २,६०० हाच राहतो, मग कर्जदाराचे नुकसान कुठे झाले? नुकसान तुलनेत झाले. पुतण्याचा पगार ज्या बँकेत जमा होतो तिथे त्याला दुचाकीचे कर्ज १३ टक्के घटत्या शिलकीने मिळत होते. त्याने ते नाकारले, कारण १० हा आकडा १३पेक्षा लहान आहे. तेच ७२,००० रुपये ३६ महिन्यांसाठी बँकेकडून घेतले असते तर हप्ता २,४२६ रुपये बसला असता, म्हणजे दरमहा १७४ रुपये आणि तीन वर्षांत सुमारे ६,२६० रुपये वाचले असते. हेल्मेट, दोन सर्व्हिसिंग आणि एका वर्षाचा विमा त्यात सहज बसला असता. त्या मुलाचे चुकले असे मला म्हणवत नाही. दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आकडे शेजारी ठेवले तर लहान आकडा उचलण्यातच शहाणपण वाटते. किराणा दुकानदाराने एका तागडीत शेर आणि दुसऱ्या तागडीत किलो ठेवला तर वजनमापे विभाग त्याला विचारतो; इथे विचारणारे आपण आहात.

आपल्या बँकेने याचा विचार केलेला नाही असे मी म्हणणार नाही. १५ एप्रिल २०२४च्या परिपत्रकाने, १ ऑक्टोबर २०२४पासूनच्या नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी, मुख्य तथ्य विवरणपत्र देणे सक्तीचे झाले. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे एपीआर, दाखवावा लागतो, वेळापत्रक जोडावे लागते, ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते आणि सात दिवस किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कर्जासाठी त्याला विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. नियम म्हणून हे उत्तम आहे. पुतण्याच्या मोबाइलमध्येही ते विवरणपत्र निघाले. चौदा पानांच्या इंग्रजी पीडीएफमध्ये एपीआर २०.३८ टक्के लिहिलेला होता. प्रोसेसिंग फी, त्यावरचा जीएसटी आणि कागदपत्रांचा खर्च मिळून २,४०० रुपये कर्जातून आधीच कापले गेले होते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या गाडीला लागले ६९,६०० रुपये आणि फेड मात्र ७२,००० रुपयांची. वरच्या सूत्रात ७२,०००च्या जागी ६९,६०० टाकले की हाच २०.३८ मिळतो. म्हणजे एकाच कर्जाचे तीन दर होते: तोंडी १०, वेळापत्रकात १७.९२ आणि विवरणपत्रात २०.३८. त्यातला सर्वांत लहान दर सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्याने सांगितला गेला. सर्वांत खरा दर सर्वांत शेवटी, दुसऱ्या भाषेत, ओटीपी टाकायच्या पानाच्या मागे होता. गाडीला नारळ फोडायची वेळ ठरली होती, घरचे शोरूमच्या दारात उभे होते, आणि ओटीपी विचारणारा मुलगा म्हणत होता, "दादा, नंबर सांगा, सिस्टीम बंद होईल." तीन दिवसांच्या विचाराची मुदत त्या खोलीत कोणी उच्चारली नाही.

म्हणून माझी पहिली विनंती विवरणपत्राबद्दल नाही, त्याच्याआधीच्या तासाबद्दल आहे. कर्ज देणारी संस्था, तिचा एजंट किंवा शोरूममधला तिचा माणूस ग्राहकाला व्याजाचा जो पहिला आकडा सांगेल, लिहून देईल किंवा फलकावर लावेल, तो एपीआरच असला पाहिजे, आणि फ्लॅट दर सांगायचाच असेल तर त्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत एपीआर असला पाहिजे. वार्षिक दर कळवण्याचे बंधन वित्त कंपन्यांवर पूर्वीपासून आहेच; ते कराराच्या कागदापुरते न राहता व्हिजिटिंग कार्डाच्या मागच्या बाजूपर्यंत पोचावे, एवढेच मागतो आहे.

दुसरी विनंती मुदतपूर्व परतफेडीची आहे. व्यक्तींच्या बिगर-व्यावसायिक, बदलत्या दराच्या मुदत कर्जावर असे शुल्क घ्यायला आपण मनाई केली आहे. दुचाकीची कर्जे मात्र बहुतेक स्थिर दराची असतात, त्यामुळे ती या मनाईबाहेर राहतात. स्थिर दरात संस्थेलाही काही जोखीम असते हे पतसंस्थेत आयुष्य काढलेल्या माणसाला समजते, म्हणून शुल्क शून्य करा असे मी म्हणत नाही. पण ते किती लागेल हे वेळापत्रकाच्या प्रत्येक ओळीत, शिलकीच्या पुढच्या रकान्यात, रुपयांत छापले जावे. अठराव्या ओळीपुढे '४२,६९९' असा आकडा आधीच छापलेला असता, तर पुतण्या कंपनीच्या काउंटरवर भांडायला गेला नसता आणि कदाचित सही करायच्या आधीच मला फोन केला असता.

दोन्ही कागदांच्या छायाप्रती, कंपनीचे आणि पुतण्याचे नाव झाकून, सोबत जोडत आहे. कार्डावरची निळी शाई छायाप्रतीत फिकी उमटली आहे, पण '१०% फ्लॅट' हे शब्द वाचता येतात.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखाधिकारी,
सोलापूर जिल्हा